सोयीचा नमुना चालतो का? अभ्यासिकेतले 80 फॉर्म आणि सव्वादोनची एसटी

पुस्तकपान

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवते. तृतीय वर्षाच्या प्रकल्पांची मार्गदर्शक म्हणून दरवर्षी एकच प्रश्न समोर येतो: समोर सापडतील त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले तर चालतं का? यंदा एका विद्यार्थिनीशी यावर तासभर बोलणं झालं. तिची परवानगी घेऊन ते इथे मांडते, कारण माझंही सगळं नक्की झालेलं नाही.

तिचा विषय असा: कॉलेजची अभ्यासिका सध्या पाचला बंद होते, ती संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवावी का? पदवीचे एकूण 640 विद्यार्थी. ती 80 फॉर्म घेऊनच आली. त्यातल्या 61 जणांनी "हो, सातपर्यंत हवी" म्हटलं होतं.

मी विचारलं, "फॉर्म कुठे भरून घेतलेस?"

"अभ्यासिकेतच, मॅडम. तीन ते पाच. तिथे सगळे निवांत बसलेले असतात, नीट वाचून भरतात."

"तू घरी कशी जातेस?"

"स्कूटीवर."

"आणि तुझ्या वर्गातल्या एसटीने येणाऱ्या मुली?"

ती जरा थांबली. "त्या सव्वादोनच्या गाडीने जातात. त्यानंतर त्या बाजूला थेट सहाची गाडी आहे."

"म्हणजे तू तीनला फॉर्म घेऊन बसलीस तेव्हा त्या कुठे होत्या?"

"गाडीत." मग लगेच म्हणाली, "पण मॅडम, हा छोटा प्रकल्प आहे. मागच्या वर्षीच्या सगळ्या फाइली मी बघितल्या, सगळ्यांनी असंच केलंय. आणि पुस्तकात सोयीचा नमुना हा प्रकार दिलेलाच आहे की. चालत नसता तर दिला असता का?"

तिचं हे म्हणणं मला खोडून काढता येईना, कारण ते अर्धं बरोबर आहे. सोयीचा नमुना मी स्वतः वापरायला सांगते. प्रश्नावली पहिल्यांदा तपासायची असते तेव्हा कँटीनमधली आठ मुलं पुरतात. हिच्याच प्रश्नावलीत "घरून कॉलेजला यायला किती वेळ लागतो?" असा प्रश्न होता. आठांतल्या एकीने विचारलं, "थांब्यावर उभं राहण्याचा वेळ धरायचा का?" त्या एका शंकेने प्रश्न सुधारला. त्यासाठी ती मुलगी कोणाची प्रतिनिधी असायची गरज नव्हती.

पण इथे माणूस सोयीने सापडण्याचं जे कारण आहे, म्हणजे दुपारी तीननंतर कॉलेजात असणं, त्याच कारणावर उत्तर अवलंबून आहे. मी तिला दोन वाटा दिल्या. एक, हेच 80 फॉर्म ठेव, पण शीर्षक बदल: "दुपारी तीन ते पाच अभ्यासिकेत बसणाऱ्यांचं मत." आणि प्राचार्यांना वेळ वाढवायची शिफारस करू नकोस. दोन, हजेरीपटावरून नावं काढ आणि त्यांना शोध. तिला विचार करायला दोन दिवस दिले आहेत. तुम्ही काय सांगितलं असतंत?

---

हिशेबनीस

मॅडम, तुम्ही पोरीवर उगाच भार टाकताय असं वाटतं. नमुना 30 च्या वर गेला की पुरेसा धरतात असं आम्हाला शिकवलं होतं. 80 भरपूर झाले. तरी समाधान नसेल तर गूगल फॉर्म करून सगळ्या वर्गांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका. एका रात्रीत 300 होतील. आकडा मोठा झाला की चूक आपोआप कमी होते.

---

पाणंद

ताई, नमुन्याबद्दल वाचलं म्हणून लिहितो. माझा अनुभव शेतातला आहे. माती परीक्षणाला नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती कधीच घ्यायची नाही. नागमोडी चालत शेतभर आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती गोणपाटावर मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत शेवटी अर्धा किलो ठेवायची. मी पहिल्या वर्षी गोठ्याच्या शेजारच्या कोपऱ्यातली माती नेली होती, कारण तिथे जमीन मऊ होती आणि कुदळ सहज बसत होती. अहवालात सेंद्रिय कर्ब उत्तम आला. त्या भरवशावर खत कमी टाकलं आणि वरच्या अंगाचा ऊस पिवळा पडला.

कॉलेजच्या अभ्यासिकेत माती कशाला लागते ते कळलं नाही. पण नमुना घ्यायची पद्धत हीच आहे.

---

पुस्तकपान

पाणंद, इथे मातीचा नाही, माणसांचा नमुना घ्यायचा आहे. पण तुमचा गोठ्याशेजारचा कोपरा मी उद्या वर्गात सांगणार आहे. कुदळ सहज बसत होती त्याचं कारण आणि कर्ब जास्त आला त्याचं कारण एकच होतं, शेण. माझ्या विद्यार्थिनीच्या 80 फॉर्मांत नेमकं तेच झालंय.

---

जुना_गणक

सांख्यिकी खात्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. हिशेबनीस, तुमच्या दोन विधानांत दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत, त्या सोडवून घेऊ.

आकडा मोठा केल्याने जी चूक कमी होते ती योगायोगाची. या दहा जणांऐवजी ते दहा आले असते तर उत्तर थोडं हललं असतं, ते हलणं कमी होतं. पण तीननंतर फक्त गावातलेच मागे राहत असतील, तर 80 चे 300 केल्याने तुम्ही गावातल्यांचं मत अधिक पक्कं नोंदवाल, एवढंच. सव्वादोनच्या गाडीतली मुलगी त्यात येणार नाही. 30 चा तो अंगठेनियम सरासरीच्या गणितातला आहे. नमुना कुठून उचलला याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मॅडम ज्या जिल्ह्यातून लिहितात त्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला, 1911 साली. पीक कापणीच्या प्रयोगांवर त्यांनी 1940 च्या दशकात केलेलं काम इथे लागू पडतं. शेत चिठ्ठीने निवडायचं, शेतातली जागाही चिठ्ठीने, तिथे चौकट आखायची आणि आतलं पीक कापून तोलायचं. सगळं रीतसर. तरी त्यांच्या लक्षात आलं की चौकट लहान असली की उत्पन्न जास्त दिसतं. कारण कडेवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे कापणाऱ्याच्या हातात राहतं, आणि हात ते आत घेण्याकडे झुकतो. लहान चौकटीला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. त्यांचं हे टिपण 1946 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. अशा लहान चौकटी कितीही वाढवल्या तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक चौकटीत एकाच दिशेने होते.

व्हॉट्सॅपच्या फॉर्मचंही तसंच. ज्याला अभ्यासिका हवी आहे तो रात्री दहाला फॉर्म भरेल. ज्याला त्याचं काही नाही तो पुढे सरकेल.

---

वॉर्ड_नंबर_सात

नर्सिंग करताना आमच्या गटाचा प्रकल्प होता: रक्तदाबाच्या गोळ्या लोक नियमित घेतात का? ओपीडीच्या बाकावर बसलेल्यांना विचारलं. जवळपास सगळे नियमित घेत होते. आम्ही खूश. परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "ज्याने गोळ्या सोडल्या तो ओपीडीत कशाला येईल?" आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. प्रकल्प पास झाला, पण तो प्रश्न अजून डोक्यात आहे.

पण एक सांगू का? तेव्हा आमच्याकडे गावाची यादी नव्हती, वेळ नव्हता, घरोघरी जायची परवानगी नव्हती. मार्गदर्शकांनी "शीर्षक बदला" एवढं जरी सांगितलं असतं तरी काम प्रामाणिक झालं असतं.

---

आंबेमोहर

नमस्कार. ती विद्यार्थिनी मी. मॅडमनी धाग्याचा दुवा पाठवला.

मला खरंच वाटलं होतं की निवांत बसलेल्यांना विचारलं की उत्तरं चांगली मिळतील. ती चांगली मिळालीही, कोणी घाईत खुणा केल्या नाहीत. कोण नाही ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल मी ऑफिसात गेले. एसटी पाससाठी कॉलेज जे बोनाफाईड देतं त्याची वही असते. क्लार्क काकांनी मोजू दिलं. 640 पैकी 260 जणांनी यंदा पाससाठी दाखला घेतलाय, म्हणजे साधारण 41 टक्के. माझ्या 80 मध्ये एसटीवाले 18, म्हणजे 22-23 टक्के. निम्मेच.

आता माझा प्रश्न. एसटीवाले कमी आलेत हे मला कळलं, आणि किती असायला हवे होते तेही कळलं. मग मी त्या 18 जणांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन हिशोब बरोबर करू शकत नाही का? परत सगळ्यांना शोधत फिरण्यापेक्षा?

---

हिशेबनीस

हेच लिहायला आलो होतो. जुना_गणक यांचं आकड्याबद्दलचं म्हणणं मान्य, 30 चं मी चुकीच्या ठिकाणी लावलं. पण वजन देणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे, मोठ्या पाहण्यांत सर्रास वापरतात. एसटीवाल्यांना 41, बाकीच्यांना 59 धरा, झालं.

---

पुस्तकपान

करून बघ, म्हणजे तुलाच दिसेल. एसटीच्या 18 पैकी किती जणांना संध्याकाळी हवी होती?

---

आंबेमोहर

18 पैकी 9. बाकीच्या 62 पैकी 52.

म्हणजे एसटीवाले 50 टक्के, बाकीचे जवळजवळ 84. वजन देऊन 41 गुणिले 50 आणि 59 गुणिले 84 केलं तर एकूण 70 टक्के येतात. आधी 76 होते. म्हणजे फारसा फरक पडला नाही, मॅडम. याचा अर्थ माझं आधीचं उत्तर जवळपास बरोबरच होतं ना?

---

जुना_गणक

नाही बाळ. इथेच सगळे घसरतात, मीही घसरलो आहे. वजन देताना तू असं गृहीत धरलंस की दुपारी चारला अभ्यासिकेत बसलेले ते 18 एसटीवाले हे गाडीत बसून गेलेल्या एसटीवाल्यांसारखेच आहेत. ते 18 जण कुठल्या गावचे आहेत ते बघ.

---

आंबेमोहर

फॉर्मवर गाव लिहायला सांगितलं होतं. 18 पैकी 15 हमरस्त्यावरच्या गावांचे निघाले. तिथे अर्ध्या तासाला गाडी असते. आडरस्त्याच्या गावांचे फक्त तिघे.

कळलं.

आणि आता दुसरंही दिसतंय. ते 62 जण गावातले असले तरी अभ्यासिकेत बसणारे होते. जे गावात राहूनही तिकडे फिरकत नाहीत ते माझ्याकडे नाहीतच. त्यांचं वजन कुठून आणू?

मॅडम, मी हजेरीपट घेते.

---

माळावरची_बाभळ

पासच्या वहीबद्दल एक गोष्ट. माझी भाची रोज कॉलेजला जात नाही, आठवड्यातून तीनच दिवस जाते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ती पास काढतच नाही. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात सवलत जास्त असली तरी तो रोज जाणाऱ्यालाच परवडतो. तेव्हा 260 हा आकडा कमीत कमी धरा. मुलींमध्ये एसटीवाल्या त्याहून जास्त असतील.

---

पुस्तकपान

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आभार.

आंबेमोहर, हजेरीपटावरून घेताना असं कर. तिन्ही वर्षांची यादी एकाखाली एक लावून 1 ते 640 क्रमांक दे. तुला 64 नावं हवीत, म्हणजे दर दहावं. सुरुवात कुठून करायची ते तू ठरवू नकोस. 1 ते 10 च्या चिठ्ठ्या कर आणि क्लार्क काकांना एक उचलायला सांग. आणि निवडलेला मुलगा सापडला नाही म्हणून त्याच्या शेजारचं नाव घ्यायचं नाही. ती सोय मागच्या दाराने परत आत येते. न सापडलेल्याचं नाव न सापडलेला म्हणूनच लिहायचं.

---

तासिका_तत्त्व

मीही शिकवतो, वाणिज्य शाखेला. एक शंका. काही कॉलेजांत यादी गटवार असते, प्रत्येक गटात वीस मुलं आणि त्यात आधी मुली मग मुलगे. तिथे दर दहावं नाव घेतलं तर प्रत्येक गटातल्या त्याच दोन जागा निघतील. आधी यादीची रचना बघावी.

---

आंबेमोहर

बघितली. आमची यादी आडनावाच्या अकारविल्हे आहे, गट नाहीत. चिठ्ठी 7 ची निघाली. म्हणजे 7, 17, 27 करत 637 पर्यंत. बरोबर 64.

---

आंबेमोहर

बारा दिवसांनी परत लिहितेय.

64 पैकी 55 जण भेटले. सकाळच्या पहिल्या तासाला 31, सव्वादोनच्या आधी स्टँडवर 14, बाकीचे फोन करून. नऊ राहिले. त्यातले तिघे वर्कशॉपमध्ये कामाला जातात आणि फक्त परीक्षेला येतात. दोघींची लग्नं झाली, त्या सासरी आहेत, नाव मात्र पटावर आहे. चौघांचा पत्ताच लागला नाही.

55 मध्ये एसटीवाले 23, म्हणजे जवळजवळ 42 टक्के. वहीतल्या 41 शी जुळतंय. आणि संध्याकाळी सातपर्यंत हवी म्हणणारे फक्त 19. एसटीच्या 23 पैकी 2, बाकीच्या 32 पैकी 17. म्हणजे 35 टक्के. मी पहिल्यांदा 76 लिहून आणले होते.

पण खरी गोष्ट वेगळीच कळली. स्टँडवर एका मुलीने फॉर्म हातात घेऊन विचारलं, "यात सकाळचं का नाही?" तिची गाडी पावणेनऊला पोचते, तास साडेदहाला, आणि अभ्यासिका दहाला उघडते. तोवर ती आणि तिच्या गावच्या चौघी मधल्या पायऱ्यांवर बसतात. पावसाळ्यात पार्किंगच्या पत्र्याखाली. मी तीन वर्षं त्या पायऱ्यांवरून चढून गेलेय, त्यांना बघितलंय, पण त्या तिथे का बसतात हे कधी विचारलं नव्हतं. मग मी प्रश्न वाढवला आणि आधी भेटलेल्यांना परत विचारून आले. 55 पैकी 27 जणांना अभ्यासिका सकाळी साडेआठला उघडायला हवी आहे. नऊ जणांना वेळेचं काही नाही.

---

वॉर्ड_नंबर_सात

सकाळचा पर्याय आधीच्या 80 जणांना दिलाच नव्हता ना? मग 76 आणि 35 ची तुलना सरळ नाही. पर्याय वाढला की उत्तरं विभागली जातात.

---

आंबेमोहर

हो, तुमचं बरोबर आहे. पण 19 हा आकडा मी सकाळचा प्रश्न घालायच्या आधीचाच लिहिलाय, कारण संध्याकाळचा "हो/नाही" प्रश्न दोन्ही फॉर्मांत तोच होता. सकाळचा प्रश्न नंतर वेगळा विचारला. तो मी वेगळ्या तक्त्यात दाखवीन. योगायोगाने दोन्हीला हो म्हणणारं कोणी निघालं नाही.

---

जुना_गणक

उत्तम काम. आता त्या नऊ जणांचं काय करायचं ते सांगतो, त्याला सूत्र लागत नाही. नऊही जणांना संध्याकाळी हवी असं धर. मग 64 पैकी 28 होतात, म्हणजे 44 टक्के. एकालाही नको असं धर, मग 64 पैकी 19, म्हणजे 30. तुझ्या न सापडलेल्यांनी उत्तर कितीही ओढलं तरी या 64 मध्ये ते 30 ते 44 च्या बाहेर जात नाही. शिवाय या 64 ऐवजी दुसरे 64 निघाले असते तर दहा-बारा टक्क्यांचा फरक पडला असता, तोही लिही. एवढं सगळं धरूनही 76 लांबच राहतं.

आणि ते 80 फॉर्म फेकू नकोस. रोज अभ्यासिकेत बसणाऱ्यांना संध्याकाळी जागा हवी आहे, हे त्यातून कळतं आणि ते खरं आहे.

---

तासिका_तत्त्व

एक व्यवहाराचा मुद्दा. आमच्याकडे प्रकल्पात काय-वर्ग चाचणी, म्हणजे गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारं गणित, असल्याशिवाय बाहेरचे परीक्षक गुण देत नाहीत. बहुतेक मुलांचे नमुने सोयीचेच असतात. त्यांनी चाचणी करूच नये का? मी त्यांना करायला सांगतो आणि मर्यादांमध्ये एक ओळ लिहायला लावतो.

---

जुना_गणक

मी करू देणार नाही. चाचणीचं सगळं गणित नमुना चिठ्ठीने निघाला या गृहीतकावर उभं आहे. सोयीच्या नमुन्यावर ती केली की शेवटी आकडा निघतो, पण तो कशाची शक्यता सांगतो हे कोणालाच सांगता येत नाही. शेवटच्या पानावरच्या एका ओळीने ते दुरुस्त होत नाही.

---

पुस्तकपान

मी इथे मधे अडकते. तत्त्व जुना_गणक यांचं बरोबर आहे. पण सोयीने जमलेल्या मुलांनाच चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं, एका गटाला नकाशावर आणि दुसऱ्याला तक्त्यावर तीच माहिती शिकवली, तर त्या दोन गटांतल्या फरकावर चाचणी लावायला माझी हरकत नसते, कारण चिठ्ठी वाटणीत आली. नुसत्या पाहणीवर मात्र मी टक्के आणि तक्ते एवढ्यावरच थांबवते. यामुळे दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे गुण कमी झाले, आणि त्याला मी काय उत्तर द्यायचं ते अजून मला सुचलेलं नाही.

---

तासिका_तत्त्व

तेच म्हणतोय. तत्त्व आपण पाळायचं आणि गुण मुलांचे जायचे. परीक्षकांशी आधी बोलून ठेवल्याशिवाय मी तरी हे बदलणार नाही.

---

आंबेमोहर

माझ्या प्रकल्पात आता दोन तक्ते आहेत, अभ्यासिकेतले 80 आणि पटावरचे 55, आणि दोन्हींवर कोण आहे ते लिहिलंय. चाचणी ठेवायची की नाही ते मॅडम आणि मी सोमवारी ठरवू.

उद्या सकाळी साडेआठला गेटवर उभी राहून पायऱ्यांवर किती जणी बसतात ते मोजणार आहे, सलग सहा दिवस. शनिवारी आमच्याकडे तास लवकर असतात, तो दिवस वेगळा धरीन.